गुणपत्रिकेवरची आई

मुलगी दहावी झाली त्या वर्षी आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली होती. मी अर्ज भरून, गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडून खराडीच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिला. तिथे एचआरमध्ये एक नवा मुलगा आला होता. गळ्यात कार्ड, समोर कॉफीचा कागदी कप. त्याने अर्ज पाहिला, झेरॉक्स पाहिली, मग स्क्रीनवर माझी माहिती उघडली.

"मॅडम, एक मिनिट. मार्कशीटवर मदर्स नेम वेगळं येतंय."

"हो, ते माझंच आहे. सासरचं."

"पण आपल्या रेकॉर्डला, पॅनला, सगळीकडे हे दुसरं आहे." त्याने आवाज थोडा खाली आणला. मुलगा वाईट नव्हता. "सॉरी हं, विचारावं लागतं. म्हणजे स्टेप मदर वगैरे असं काही आहे का?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग मार्कशीट करेक्ट करून आणा, मी तोवर पेंडिंग ठेवतो." मी जिन्याने खाली आले, माझ्या टेबलाशी बसले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्क्रीनवरची एकही ओळ मला नीट वाचता आली नाही.

मला दोन नावं आहेत. एक माझ्या आईने ठेवलेलं. त्या नावाने मी तालुक्याच्या गावात शाळा शिकले, त्याच नावाने घरातली पहिली पदवी घेतली. बाबा बाजार समितीत मापाडी होते आणि आईला अक्षरओळख नव्हती. पदवीचा कागद बाबांनी फ्रेमच्या दुकानात नेऊन त्याला काच लावून घेतली होती. पुढे संगणकाचा कोर्स, मग पुण्यात नोकरी. हे सगळं ज्या शिक्षकांनी मला अभ्यासाची पुस्तकं घरी नेऊ दिली त्यांच्यामुळे झालं, हे मी कधी विसरत नाही. दुसरं नाव लग्नात मिळालं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याने ते लिहिलं आणि उखाणा घेऊन त्याने मला त्या नावाने हाक मारली. त्यानंतर घरात मी तीच. कागदपत्रांवर मात्र मी माझं पहिलं नाव तसंच ठेवलं, कारण पदवीवर तेच होतं. पुढे त्याला नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडलं, बस. नवऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो मला घरात एका नावाने हाक मारी आणि ऑफिसात फोन केला की ऑपरेटरला दुसरं सांगे.

मुलीला पुण्याच्या शाळेत घातलं तेव्हा मी ट्रेनिंगसाठी बंगळूरला होते. प्रवेशाचा अर्ज त्याने भरला. आईच्या नावाच्या रकान्यात त्याने ते लिहिलं, ज्या नावाने तो मला रोज हाक मारत होता. त्याला दुसरं काही सुचलंच नसेल. मुलगी सातवीत असताना तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत गेला.

म्हणजे आता गुणपत्रिकेचा हिशेब असा होता: वडील हयात नाहीत, आणि आई म्हणून जी बाई छापली आहे ती एका रेशनकार्डाशिवाय दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. पुढे मुलीचा पासपोर्ट, कॉलेज, नोकरी, जिथे जिथे ही गुणपत्रिका लागेल तिथे तिथे मी तिची कोणी नव्हते.

संध्याकाळी कंपनीच्या बसने धायरीला यायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. सगळे जण कानात वायर घालून झोपलेले. मी खिडकीशी बसून गुणपत्रिका पुन्हा पुन्हा काढून पाहत होते.

घरी मुलीला विचारलं, "परीक्षेआधी शाळेने नावं तपासायची प्री-लिस्ट दाखवली होती ना? त्यावर तुझी सही आहे. आईचं नाव पाहिलं नव्हतंस का?"

"पाहिलं ना. बरोबर होतं."

"बरोबर कसं?"

"अगं, आजी तुला तेच म्हणते. बाबा पण तेच म्हणायचे. मला वाटलं ते खरं आणि दुसरं तुझं ऑफिसचं."

तिला रागवण्यासारखं काही नव्हतं. मी भाजी चिरायला घेतली.

पुढच्या सोमवारी अर्धी रजा काढून मी शिवाजीनगरला विभागीय मंडळाच्या कार्यालयात गेले. हातात स्टॅम्प पेपरवर केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. मला वाटत होतं, मी स्वतः आई आहे, शपथेवर सांगते आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता असणार. खिडकीत चष्मा लावलेले एक गृहस्थ होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत केलं.

"बाई, आम्ही शाळेचं ऐकतो. तुमचं नाही."

"पण आई मी आहे."

"असाल की. मी कुठे नाही म्हणतोय? पण शाळेच्या जनरल रजिस्टरला जे आहे तेच आम्ही छापलंय. रजिस्टरला एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असतं, तर आम्ही दुरुस्त केलं असतं. इथे दोन्हीकडे एकच आहे. मग आमची चूक कुठली?"

मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "मॅडम, गॅझेट करून टाका. आपल्याकडे होतं, दोन महिन्यांत."

गृहस्थांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "गॅझेट नाव बदललेल्याचं असतं. ह्यांनी नाव बदललंय का? नाही. आणि परीक्षा झाल्यावरचं गॅझेट दाखवून मागचं निकालपत्र बदलत नाही. तुम्ही बाहेर उभे राहा, इथे एजंट लागत नाहीत." मग मला म्हणाले, "शाळेत जा. मुलीने शाळा सोडल्याचा दाखला नेला का?"

"अजून नाही."

"नशीब. एकदा विद्यार्थ्याने शाळा सोडली की रजिस्टरला हात लावणं अवघड. आधी रजिस्टर दुरुस्त करून घ्या, मग शाळेमार्फत आमच्याकडे या. पुढचे."

मी बाहेर आले. रस्त्यावर रिक्षा थांबवायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. कोणाला तरी फोन करून सांगावं असं वाटत होतं. फोनमधली नावं वर-खाली केली. नवऱ्याचा नंबर मी अजून काढला नव्हता.

शाळेच्या मुख्याध्यापिका फार कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांच्या केबिनमध्ये पालकांसाठी दोन खुर्च्या होत्या, आणि एकीवर कायम फायलींचा गठ्ठा असे, त्यामुळे नवरा-बायको मिळून आले तर एकाने उभं राहायचं. मी एकटीच असल्यामुळे बसले. त्यांनी प्रवेश अर्जाची फाइल मागवली. अर्जावर नवऱ्याचं अक्षर होतं. तो 'ल' जरा वाकडा काढायचा. मी ते अक्षर पाहिलं आणि खिडकीकडे बघू लागले.

"निकालपत्र रजिस्टरप्रमाणे आहे," बाई म्हणाल्या. "रजिस्टर अर्जाप्रमाणे आहे. अर्ज वडिलांनी भरलाय. मंडळाची चूक नाही, आमची चूक नाही. मग चूक नक्की कोणाची म्हणायची?"

"कोणाचीच नाही," मी म्हटलं. "त्यांनी मला ज्या नावाने हाक मारली तेच लिहिलं."

बाईंनी समोरची फाइल मिटली. मग पेनचं टोपण काढलं. "हे बघा. मुलगी अजून आमच्या पटावर आहे, म्हणून सांगते. मी स्वतः रजिस्टर बदलू शकत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रस्ताव मी पाठवीन. पण त्यांना पटेल असा पुरावा हवा. शाळेत घालण्याच्या आधीचा. तुमचं प्रतिज्ञापत्र आजचं आहे, त्याने काही सिद्ध होत नाही, फक्त सोबत लागतं. मुलीचा जन्म कुठला?"

"माझ्या माहेरचा. पहिलं बाळंतपण."

"मग नगरपरिषदेचा जन्मदाखला आणा. त्यावर आईचं काय नाव आहे ते बघू. तिथेही सासरचं असेल तर मला कृपया परत भेटू नका."

जन्मदाखल्यावर काय असेल ते मला माहीत होतं, म्हणजे माहीत असल्यासारखं वाटत होतं. बाळंतपणाला मी आईकडे गेले होते. सरकारी दवाखान्यात सिस्टरने नोंदीसाठी नाव विचारलं तेव्हा मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. नवरा दुसऱ्या दिवशी पोहोचला. बारशानंतर मुलीचं नाव नगरपरिषदेत घालायला बाबा गेले होते. मूळ दाखला मात्र घराचं बांधकाम काढलं तेव्हा हरवला होता आणि मुलीला शाळेत घालताना अंगणवाडीचा दाखला चालला होता. त्यामुळे खात्रीने मला काहीच सांगता येईना.

मी एकटीच एसटीने गावी गेले. आई आणि बाबा दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाड्याचं घर होतं, त्यात आता दुसरं कुटुंब होतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा घेतला. पूर्वी ते हॉटेल चालवणारे मला बघून बाबांची चौकशी करत. आता गल्ल्यावर त्यांचा जावई होता, त्याने सुट्टे पैसे दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शाळेवरून गेले. भिंतीला नवा रंग होता, वर्ग भरले होते. आत जाऊन कोणाला काय सांगणार? मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि पुढे निघाले.

नगरपरिषदेत अर्ज दिला, जन्मतारीख आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. कारकून म्हणाले, दुपारी या. मी तिथेच बाकावर बसून राहिले, कारण दुसरीकडे कुठे जाणार? त्या गावात मला बसायला जागा उरली नव्हती. दुपारनंतर आतून हाक आली. कारकुनाने दाखल्यावर बघून आईचं नाव मोठ्याने पुकारलं.

माझं. माझं पहिलं.

त्या गावात कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला त्या नावाने मोठ्याने हाक मारली होती. मी लगेच उठले नाही. कारकुनाने पुन्हा हाक मारली, "अहो, आहेत का?" मी म्हटलं, "आहे."

सिस्टरने विचारल्यावर माझ्या आईने ते सांगितलं असणार. तिला माझं सासरचं नाव माहीत होतं, लग्नात तीही हजर होती. पण तिच्या दृष्टीने मी अजून पहिल्याच नावाची होते. यात तिने काही मोठा विचार केला असेल असं मला वाटत नाही. वॉर्डात उभी असताना तिच्या तोंडून जे आलं ते आलं.

पुण्याला आल्यावर बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला. "ठीक. आता एकच राहिलं. दाखल्यावरची बाई आणि रजिस्टरवरची बाई एकच, याला घरच्या कोणाचा तरी दुजोरा हवा. लग्नाची नोंदणी आहे?"

"नाही. गावाकडचं लग्न."

"मग सासरच्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. सासूबाई आहेत?"

होत्या. मी त्यांना आत्या म्हणते; त्या आमच्याजवळच राहत. धायरी खेडं असल्यापासून त्या तिथल्या. आमच्या घराभोवती इमारती उठल्या तरी सकाळी अंगणात सडा घालायच्या. मी त्यांना जेवण झाल्यावर सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ पितळी डब्यातून सुपारी शोधत राहिल्या.

"म्हंजी आम्ही ठेवल्यालं नाव चुकीचं?"

"चुकीचं नाही, आत्या. पण कागदावर दुसरं आहे."

"माझ्या लेकानं लिवल्यालं हाय ते. सवताच्या हातानं. ते तू खोडणार."

मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून आमच्याकडे बघत होती.

"तुला त्या नावानं मी हाक मारते, तर तुला आवडत न्हाय का?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मी म्हटलं, "तिच्या कागदावर मी कोणी नाही, आत्या. उद्या तिला कोणी विचारलं, तुझी आई कुठाय, तर तिने काय दाखवायचं?"

त्या उठून आत गेल्या. दिवा घालवल्याचा आवाज आला. पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि नावाने हाक मारणं तर त्यांनी बंदच केलं. "अगं," "ऐक," "ताट घे." घरात मला हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, तेही थांबलं. त्या दिवसांत ऑफिसमधून परतताना बस स्वारगेटच्या पुढे आली की मला उतरूच नये असं वाटायचं.

मग एका सकाळी त्या नऊवारी नेसून, डोक्याला तेल लावून दारात उभ्या राहिल्या. "चल. कुटं अंगठा लावायचा?"

कोर्टाजवळ नोटरीचं टेबल होतं. टाइप करणाऱ्याने मजकूर वाचून दाखवला: माझी सून जन्मनाव अमुक आणि लग्नानंतरचं नाव तमुक या दोन्ही नावांनी ओळखली जाते, वगैरे. सासूबाई त्याला म्हणाल्या, "एवढं लांबडं कशाला? लिव्ह, सून एकच हाय. मला काय दोन सुना न्हवत्या."

नोटरी हसले. "आजी, असंच लिहायला हवं होतं खरं तर." त्यांनी शाई पुढे केली. अंगठा उठवताना सासूबाईंनी डोळे मिटले होते.

प्रस्ताव जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. मधल्या काळात अकरावीचा प्रवेश. कॉलेजला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि आम्ही तो मुद्दाम घेतला नव्हता. शाळेने पत्र दिलं, मी हमीपत्र दिलं, कॉलेजच्या क्लार्कने ते हातात धरून विचारलं, "मुलगी इथे, दाखला तिथे. तुम्ही आई, म्हणजे नक्की कुठल्या?" पुण्यात असं कोणीही विचारतं. मी म्हटलं, "दोन्हीकडची." त्याने शिक्का मारला.

परवानगीचा आदेश आल्यावर बाईंनी मला शाळेत बोलावलं. रजिस्टर उघडलेलं होतं. मला वाटलं होतं, आधीचं नाव खरवडून काढतील किंवा वर पांढरं लावतील. तसं करत नाहीत. लाल शाईने त्यावर एक बारीक रेघ मारली, खालचं अक्षर पूर्ण वाचता येत होतं. त्यावर माझं पहिलं नाव लिहिलं, शेजारी आदेशाचा क्रमांक, मग बाईंची सही आणि शाळेचा शिक्का.

"खोडायचं नसतं," बाई म्हणाल्या. "आधी काय होतं ते दिसलं पाहिजे."

मी त्या ओळीकडे इतका वेळ पाहत राहिले की त्यांनी फायलींचा गठ्ठा दुसऱ्या खुर्चीवरून उचलून जमिनीवर ठेवला. कशासाठी, ते मला कळलं नाही. ती खुर्ची तशीच रिकामी राहिली.

मग रजिस्टरचा साक्षांकित उतारा, आदेशाची प्रत, जन्मदाखला, दोन्ही प्रतिज्ञापत्रं आणि चलन, असं सगळं शाळेच्या पत्रासोबत मंडळाकडे गेलं. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रही परत द्यावं लागलं. देण्यापूर्वी मी गुणपत्रिकेची एक झेरॉक्स काढून घेतली आणि नवऱ्याच्या कागदांत ठेवली. तिचा आता कोणालाच उपयोग नव्हता.

नवी गुणपत्रिका शाळेत आली ती दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधी. मी ती घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसले. मधल्या सुट्टीची मुलं अंगावरून धावत होती. ज्या माणसाला ती पहिल्यांदा दाखवायची होती ते नव्हतं, आणि जिने दवाखान्यात ते नाव सांगितलं ती आईही नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिली. एचआरच्या मुलाने स्क्रीनशी ताडून पाहिली. "येस, मॅच होतंय मॅडम. थँक्स." एवढंच. त्याचा तरी काय दोष.

पण त्या आधी, शाळेतून आणली त्या संध्याकाळी, सासूबाईंनी पदराला हात पुसून ती मागून घेतली. उजेडात, दाराशी धरली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"तुझं कुटं हाय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी त्या जागेवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि तिथेच थांबवलं.

"आन् माझ्या लेकाचं? त्ये काढलं का त्यांनी?"

इतके महिने त्यांना हीच भीती होती, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांचं बोट धरून वरच्या ओळीवर नेलं, जिथे आडनाव, मुलीचं नाव आणि त्यापुढे त्याचं नाव होतं.

"हे इथं. तसंच आहे. त्याला कोणी हात लावला नाही."

त्या बराच वेळ ते बोट तिथे ठेवून उभ्या राहिल्या. मग गुणपत्रिका माझ्या हातात दिली आणि आत वळताना, कित्येक महिन्यांनी, त्यांनी ठेवलेल्या नावाने मला हाक मारली, की दूध उतू जाईल, गॅस बारीक कर.